बुंधा मऊ लागला? आधी कुंडी उचलून बघा

तुमच्या घरी अडेनियम असेल तर त्याचा फुगीर बुंधा आज एकदा अंगठ्यानं दाबून पाहा. कच्चा बटाटा दाबल्यासारखं वाटलं तर झाड मजेत आहे. पण डिसेंबर-जानेवारीत कितीतरी घरांतला बुंधा तसा लागत नाही. अंगठा किंचित आत जातो आणि आपल्या पोटात गोळा येतो. मग कोणी म्हणतं, "तहानलंय, पाणी घाल." कोणी म्हणतं, "कुजतंय, पाणी तोड." दोन्ही सल्ले बरोबर असतात, पण ते दोन वेगळ्या झाडांसाठी असतात. तहानलेल्याचा उपाय कुजणाऱ्यावर केला, तर दहा-बारा वर्षं जपलेला बुंधा पंधरा दिवसांत हातात लगदा होऊन येतो. वरच्या फांद्या खोवून नवं झाड मिळतं, ते खरं आहे. पण फांदीपासून केलेल्या झाडाला बीपासून वाढलेल्या झाडासारखा गुटगुटीत बुंधा सहसा येत नाही. म्हणून तो गेला की गेलाच.

हे झाड आपल्याकडे डेझर्ट रोझ म्हणून विकलं जातं, पण गुलाबाशी त्याचं काहीही नातं नाही. ते कण्हेर, चाफा आणि सदाफुलीच्या कुळातलं आहे. अठराव्या शतकात येमेनमध्ये वनस्पती गोळा करणाऱ्या पीटर फोर्सकोलनं तर ते कण्हेरीचीच एक जात म्हणून नोंदवलं होतं. पुढे त्याला वेगळं नाव मिळालं, ते एडन शहरावरून. आफ्रिकेत सहाराच्या खालच्या पट्ट्यात आणि अरबस्तानाच्या दक्षिणेकडे ते रानात वाढतं. तिथे पावसाचे थोडे दिवस, मग कोरडे महिने. पावसात ते बुंध्यात पाणी भरून घेतं, आणि हवा गार आणि कोरडी झाली की पानं गाळून त्या साठ्यावर बसून राहतं. यालाच आपण त्याची हिवाळ्यातली झोप म्हणतो. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट एवढीच, की त्याच्या मूळ गावी गारवा आणि कोरडेपणा बरोबरीनं येतात.

आणि चेन्नईत नेमकं तेच होत नाही. मी सांगलीची. लग्न होऊन इथे आले तेव्हा माझ्या डोक्यातलं ऋतुचक्र महाराष्ट्राचं होतं. जूनला पाऊस, दसऱ्याला तो संपलेला, दिवाळीला कोरडी थंडी. इथे दिवाळीच्या सुमाराला पाऊस जोरात असतो. वर्षभरातला निम्म्याहून जास्त पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत पडतो. दिवस लहान होत जातात, ढगांमुळे ऊन मिळत नाही, झाडाला झोप यायला लागते आणि त्याच वेळी कुंडीत बादल्यांनी पाणी ओतलं जातं. बरं, त्यानंतर येणारी थंडी तरी कसली? पुण्यात जानेवारीतल्या रात्री पारा दहा-बारा अंशांपर्यंत येतो. चेन्नईत तो वीस-एकवीसच्या आसपासच थांबतो. म्हणजे झाड धड झोपतही नाही. एका कुंडीतलं झाड पूर्ण निष्पर्ण होतं, तर शेजारचं अंगावर पानं ठेवून नुसतं पेंगतं. 'हिवाळ्यात पाणी बंद' हा पुण्याच्या गच्चीवर अगदी योग्य ठरणारा नियम इथे त्या पेंगणाऱ्या झाडाला सुकवतो, आणि निष्पर्ण झाडाच्या बाबतीत तो उशिरा येतो. कारण पाणी आपण बंद करण्याआधीच आभाळानं घातलेलं असतं.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या मामींचं झाड याचं चांगलं उदाहरण आहे. इथे शेजारच्या वडीलधाऱ्या बाईंना मामीच म्हणतात, म्हणून मीही म्हणते. त्यांचं अडेनियम अकरा वर्षांचं, गडद गुलाबी फुलांचं. बुंधा नारळापेक्षा मोठा, बाजूला दोन जाड मुळं पाय पसरून बसल्यासारखी. मामांनी बी पेरून वाढवलेलं. मामा आता नाहीत, त्यामुळे ती कुंडी गच्चीवरच्या इतर कुंड्यांसारखी नव्हती. डिसेंबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात मिचाँग चक्रीवादळाचा पाऊस झाला तेव्हा दोन दिवस कोणी गच्चीवर जाऊच शकलं नाही. पाऊस ओसरल्यावर मामींनी कुंडीतलं वर साचलेलं पाणी ओतून दिलं. महिनाअखेर पानं पिवळी पडून गळली, तेव्हा त्यांना वाटलं, झाड झोपलं. तशी ती वेळही होती. त्या वर्षी पाऊस जानेवारीतही रेंगाळला. पोंगलच्या दुसऱ्या दिवशी त्या खाली आल्या आणि म्हणाल्या, "अगं, बुंधा मऊ लागतोय. मुलगा म्हणतो, महिनाभर पाणी नाही घातलं म्हणून. घालू का तांब्याभर?"

वर जाऊन मी आधी झाडाला हातच लावला नाही, कुंडी उचलली. हे तुम्हीही करा, कारण यात सगळ्यात कमी फसगत होते. माझ्याकडे तेवढ्याच आकाराची, बारा इंची पसरट कुंडी आहे. ती कोरडी असताना प्रवासी बॅगा मोजायच्या लटकत्या काट्यावर साडेसात किलो भरते. मामींची साडेदहा भरली. मातीचा वरचा थर पांढरा पडलेला, वाळलेला, भेगाळलेला. वरून बघणारा कोरडी माती म्हणूनच सांगेल. मग कुंडीच्या खालच्या भोकातून बांबूची एक काडी आत सरकवली आणि दहा-पंधरा मिनिटांनी काढली. टोक काळपट, ओलं, चिखल चिकटलेलं. पावसाला सहा आठवडे होत आले होते तरी तळ ओला होता. तसा का राहिला हेही समजून घ्या. पाणी कुंडीतून मुख्यतः पानांवाटे जातं. पानंच नसली की झाड पाणी ओढत नाही. त्यात माती नर्सरीतली लाल चिकण, आणि हवा दमट. तळाशी हवा शिरली नाही की मुळं गुदमरतात, आणि मेलेल्या मुळांवर बुरशी चढते. ती तिथून वर बुंध्यात येते. म्हणून बुंधा वरून टवटवीत दिसतो आणि आतून खालच्या बाजूनं जातो.

आता अंगठा. बुंध्याच्या भोवती इंचाइंचावर दाबत गेले. तीन बाजूंना कडक. जिन्याकडच्या बाजूला, मातीला लागून, जास्त पिकलेला चिकू दाबल्यासारखं झालं आणि तिथली साल थोडी गडद होती. नखानं हलकेच खरवडल्यावर आत हिरवं न दिसता तपकिरी ओल दिसली, आंबूस वासही आला. तहानेचा मऊपणा असा एकाच जागी नसतो. तो सगळीकडे सारखा असतो. जड कुंडी, ओली काडी, एकाच बाजूचा मऊपणा, तपकिरी ओल. तांब्याभर पाण्याचा प्रश्न तिथेच मिटला.

झाड उपटलं तेव्हा त्या बाजूची मुळं हातात आली. कुजलेलं मूळ ओळखायला सोपं असतं. बोटांत धरून ओढलं की बाहेरची साल मोज्यासारखी निघून येते आणि आत दोरा उरतो. निरोगी मूळ पांढुरकं, टणक असतं. नळाखाली सगळी माती धुतली, हातमोजे घातले आणि धारदार सुरी स्पिरिटनं पुसून घेतली. हातमोजे शोभेचे नाहीत. या झाडाचा चीक विषारी असतो, आफ्रिकेत तो बाणांना लावून शिकार करत असत. हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं त्यात आहेत. डोळ्यात, तोंडात, जखमेत जाऊ देऊ नका, आणि लहान मुलं, मांजरं आसपास नकोत. सुरी नंतर भाजीला वापरू नका.

मग चकती चकती करून कापत गेलो. प्रत्येक कापानंतर सुरी पुन्हा पुसायची, आणि कापलेल्या जागेकडे नीट बघायचं. पांढरं, दुधाळ, कडक दिसलं तर थांबायचं. पण त्या पांढऱ्यात तपकिरी ठिपका किंवा वर्तुळाची पुसट रेघ दिसली तर अजून अर्धा सेंटिमीटर. इथे मन कच्चं होतं. मामी दोनदा म्हणाल्या, "पुरे ना आता." एक ठिपका ठेवला तर सगळं काम फुकट जातं, म्हणून कापत राहिले. शेवटी बुंध्याचा साधारण तिसरा हिस्सा आणि त्या दोन पायांपैकी एक पाय कागदावर पडला होता. उरलेल्या भागाचा काप उतरता ठेवला, म्हणजे पुढे त्यावर पाणी साचणार नाही.

कापावर काय लावायचं यावर लोक तावातावानं बोलतात. कोणी दालचिनीची पूड, कोणी गंधक, कोणी कॉपर ऑक्सिक्लोराइड. आम्ही घरात होतं ते बुरशीनाशक लावलं. माझं मत विचाराल तर पूड हा जोडधंदा आहे, खरं औषध म्हणजे सुकवणं. झाड सावलीत, वारा लागेल असं, दोरीनं उलटं टांगलं. पुस्तकांत पाच-सात दिवस पुरतात असं लिहितात, पण ते कोरड्या हवेचं गणित आहे. समुद्राजवळच्या चेन्नईत जानेवारीतही हवा दमट, त्यामुळे आम्ही पंखा लावून ठेवला. चौथ्या दिवशी कापाच्या कडेला मसुरीच्या डाळीएवढा तपकिरी ओला ठिपका आला. तेवढा भाग पुन्हा कोरून काढला आणि दिवस पहिल्यापासून मोजले. झाड तयार आहे हे दिवसांवरून ठरवू नका. नख टेकवल्यावर काप बाटलीच्या बुचासारखा कोरडा लागला पाहिजे, चिकट अजिबात नाही. मामींच्या झाडाला पहिल्या कापापासून सतरा दिवस लागले. एवढे दिवस मुळांना माती नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. बुंध्यातलं पाणी त्याला पुरतं, फक्त तो थोडा सुरकुततो.

पुन्हा लावताना मिश्रण असं: दोन भाग विटांचे बारीक खडे, वाटाण्याएवढे, धूळ चाळून टाकलेले, एक भाग जाड नदीची वाळू आणि एक भाग चांगलं कुजलेलं खत. समुद्रकिनाऱ्यावरची वाळू फुकट मिळते म्हणून आणू नका, त्यात मीठ असतं. मिश्रण कोरडंच ठेवलं आणि झाड असं बसवलं की काप मातीच्या वर, उघड्यावर राहील. कुंडीखालची ताटली काढून दोन विटांवर कुंडी ठेवली. पहिलं पाणी दहा दिवसांनी, तेही वाटीभर, कडेकडेनं. मार्चच्या सुरुवातीला फांद्यांच्या टोकाला टोचतील असे हिरवे कोंब आले. त्या उन्हाळ्यात फुलं जेमतेम पाच-सहा आली. कापलेली बाजू भरून येत नाही, तिथे राखाडी, कडक खपली धरते. मामींनी कुंडी वळवून ती बाजू भिंतीकडे केली आहे.

असं झाड नेहमीच वाचतं असं मात्र नाही. मऊपणा सगळीकडून फिरून आला असेल, किंवा कापत कापत तुम्ही फांद्यांच्या बुडापर्यंत पोचलात तरी तपकिरी रेघ संपत नसेल, तर बुंध्याचा नाद सोडा. वरच्या, आतून स्वच्छ पांढऱ्या दिसणाऱ्या फांद्या कापून, आठवडाभर सुकवून खोवा.

आता दुसरं झाड बघा. त्याच जानेवारीत मी भाचीच्या लग्नासाठी तीन आठवडे सांगलीला होते. माझी कुंडी छत असलेल्या बाल्कनीत असते, पाऊस तिथे पोचत नाही. परत आले तेव्हा तिचाही बुंधा मऊ होता. पण कसा? चारही बाजूंनी सारखा, रबरी चेंडूतली हवा थोडी कमी झाल्यासारखा, आणि सालीवर बारीक उभ्या सुरकुत्या. अंगावर पानं होती, जरा मलूल. कुंडी हलकी, काडी कोरडी ठणठणीत. हे तहानेचं झाड. झोपेत असतानाही ज्याच्या अंगावर पानं आहेत ते पाणी खर्च करत असतं, हे चेन्नईत विसरून चालत नाही. मी त्याला एकदम कुंडीभर पाणी घातलं नाही. फार दिवस कोरड्यात राहिलं की केसासारखी बारीक मुळं वाळलेली असतात, आणि पाणी ओढतात ती तीच. म्हणून आधी दोन वाट्या, तीन दिवसांनी खालच्या भोकातून निथळेपर्यंत. पाचव्या-सहाव्या दिवशी बुंधा पुन्हा कडक.

या दोन्हींच्या मध्ये एक फसवं झाड असतं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त अडेनियम तिथेच जातात. पावसात मुळं कुजून गेलेली, पण कूज अजून बुंध्यात शिरलेली नाही. नंतर माती वाळली. आता बुंधा चारही बाजूंनी सारखा मऊ, सुरकुतलेला, कुंडी हलकी, सगळी लक्षणं तहानेची. झाड तहानलेलंच असतं, फक्त त्याला तोंडच उरलेलं नसतं. तुम्ही पाणी घालता, ते पीत नाही, माती ओली राहते, तुम्हाला वाटतं कमी पडलं, अजून घालता. इथे कसं ओळखायचं? तहानेच्या झाडाला पाणी घातलं की आठवड्याभरात बुंधा भरतो. आठवडा उलटला, काडी अजून ओली येते आणि बुंधा तसाच मऊ आहे, तर दुसरं पाणी घालू नका. झाड उपटा आणि मुळं बघा. मेलेली मुळं कापून, तीन-चार दिवस सुकवून, कोरड्या खडेदार मिश्रणात लावलेलं असं झाड बहुतेक वेळा उभं राहतं, कारण बुंधा शाबूत असतो.

हे ऐकून पुण्याच्या माझ्या ताईनं फोनवर सरळ विचारलं, "मग पाणी घालायचं तरी किती, ते सांग की." चेन्नईसाठी माझा हिशोब असा आहे. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत काम पाणी घालण्याचं नसून पाणी अडवण्याचं आहे. कुंडी छताखाली, जिन्याच्या खिडकीत, कुठेही उजेडात पण पावसाबाहेर. जी जड कुंडी हलवता येत नाही ती वादळाचा इशारा आला की सरळ आडवी करून ठेवा. झाड दोन-तीन दिवस आडवं राहिलं तर त्याला काही होत नाही, आणि पाणी आत शिरत नाही. ताटल्या सप्टेंबरमध्येच उचलून ठेवा, खतही तेव्हाच थांबवा. पावसाच्या तोंडावर खत खाऊन आलेली कोवळी, पाणीदार वाढ लवकर कुजते.

डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत पानं बघा. पानं असलेल्या झाडाला काडी तळापर्यंत कोरडी आल्यावर निथळेपर्यंत पाणी. माझ्या बारा इंची कुंडीला हा फेरा साधारण आठ-दहा दिवसांचा पडतो आणि लिटरभर पाणी लागतं. तुमची कुंडी मातीची असेल तर लवकर, प्लॅस्टिकची असेल तर उशिरा. पूर्ण निष्पर्ण झाडाला दोन-तीन आठवड्यांतून एकदा वाटीभर, सकाळी, कडेनं, बुंध्यावर न ओतता. तेही बारीक मुळं जिवंत राहावीत एवढ्यासाठीच. ताईच्या पुण्यातल्या गच्चीवर, जिथे रात्री खरोखर गार होतात, तिथे निष्पर्ण झाडाला नोव्हेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत महिन्याला एक वाटीही पुरते, आणि थंडीची लाट असेल त्या आठवड्यात तीही नको. गार, ओली माती त्याला सगळ्यात वाईट.

फेब्रुवारीत दुपारी पाठ तापायला लागली की फांद्यांची टोकं रोज बघत जा. कोंब फुटायच्या आधी पाणी वाढवायचं नाही, कितीही ऊन असलं तरी. पहिले कोंब तांदळाएवढे झाले की वाटीच्या दोन वाट्या करा, पानं बोटभर झाली की निथळेपर्यंत. ताईच्या झाडाला हे कोंब माझ्यापेक्षा महिनाभर उशिरा येतात. मामींकडे काडी आता कुंडीतच कायमची खोचलेली असते, आणि कुंडी उचलायचं काम त्यांच्या मुलाकडे आहे.